म्हातारीच्या तोंडातला देव

परदेशी म्हाताऱ्यांवर माझा राग आहे. खऱ्या नव्हे, मालिकांमधल्या. तरुण मंडळी भांडतात, प्रेमात पडतात, गाड्या पळवतात, त्यांचं मराठी करायला मला कष्ट पडत नाहीत. म्हातारी पडद्यावर आली की माझा चहा गार होतो. बाई दर दुसऱ्या वाक्याला देवाला मध्ये ओढते. पोरगी शिंकली की देव. उद्या पाव भाजायचे आहेत, पण देवाची मर्जी असली तर. नातवाचं कौतुक केलं रे केलं की लगेच टेबलावर टकटक, आणि काय तर म्हणे लाकडाला हात लावला.

मी डबिंगसाठी मालिका मराठीत आणते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवायचा, तेच दृश्य पुन्हा पुन्हा बघायचं, आणि बोलणाऱ्याचे ओठ कुठे मिटतात, कुठे गोल होतात, त्याप्रमाणे मराठी वाक्य बसवायचं. पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. त्यांना हवं तेवढं लांब लिहिता येतं. माझ्या माणसाचं तोंड मिटलं की माझं मराठीही मिटलं पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला वाटतं की पोटातून कोणीतरी वेगळंच बोलतंय.

ती मालिका समुद्रकाठच्या एका छोट्या गावाची होती. त्यातली म्हातारी पावाची भट्टी चालवायची. मालिकावाल्यांना गावातली माणसं शहरी मराठीत नको होती, म्हणून काम नागपूरला आलं. आमच्याकडचं ‘मले-तुले’ त्यांना गोड वाटलं. गोड वाटायला काय जातं? त्या म्हातारीला वऱ्हाडी बोलायला लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

नातीला शिंक आली की ती म्हणे, देव तुझं भलं करो. हे मी आधी तसंच्या तसं लिहिलं आणि वाचून पाहिलं. दारात फकीर उभा राहिल्यासारखं वाटलं. आपल्याकडे नातीला शिंक आली तर कोणती आजी असं म्हणते? ‘टचवुड’ तर मी स्वतःही म्हणते, इथल्या सदर भागातली कॉलेजची पोरं दिवसभर म्हणतात, पण भट्टीवरच्या वऱ्हाडी म्हातारीच्या तोंडात ते घालणं म्हणजे तिला जीन्स नेसवणं. ‘लाकडाला हात लाव’ म्हटलं तर प्रेक्षक सुताराची वाट बघतील.

वाक्य किती सेकंदांत बसतं हे कळायला ते मोठ्याने वाचावं लागतं, आणि आपलंच लिहिलेलं आपण वाचलं की ते नेहमी बसतं. म्हणून मी सासूबाईंना धरलं. त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. समोर बसून सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या. म्हटलं, ‘आई, हे एवढं म्हणून दाखवा ना.’ त्यांनी चष्मा लावला, एक पान वाचलं, आणि मी लॅपटॉपवरचा हात काढून नुसती ऐकत राहिले. आवाज जाड, थोडा फाटलेला, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. त्या पडद्यावरच्या बाईचा चेहरा आणि हा आवाज एकाच मातीचे वाटले. मी गंमत म्हणून फोनवर रेकॉर्ड करून आमच्या डबिंगच्या दिग्दर्शकाला पाठवलं.

त्याचा लगेच फोन आला. त्याची ठरलेली कलावंत गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली होती आणि दुसऱ्या दोघींचे आवाज त्याला म्हातारीचं सोंग घेतलेल्या मुलींसारखे वाटले होते. ‘मॅडम, ही बाई कोण आहे? मला हीच पाहिजे.’

‘माझी सासू आहे,’ मी म्हणाले.

‘मग तर प्रश्नच मिटला,’ तो म्हणाला. त्याचं लग्न व्हायचं होतं.

सासूबाई आधी हसल्या. ‘मले? या वयात? येडा झाला का तो?’ मग उठून आत गेल्या. मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी ताटातलं लोणचं त्यांनी बाजूला सारलं. संध्याकाळी फिरून येताना ज्येष्ठमधाच्या काड्या घेऊन आल्या. बोरांचा मोसम होता आणि बोरं म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण दारावरच्या बोरंवालीला त्यांनी हातानेच नाही म्हटलं. नवऱ्याने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, ‘आईची तब्येत बरी आहे ना?’ मी म्हटलं, ‘तुमची आई घसा सांभाळून राहिली आहे.’

तेव्हा त्याच्याकडून कळलं. लग्नाआधी त्या वस्तीतल्या गाण्याच्या पार्टीत होत्या. माईक नसतानाही शेवटच्या घरापर्यंत आवाज जायचा म्हणे. लग्न झालं, पार्टी सुटली, पुढे शाळेत पाढे म्हणण्यात तो आवाज खर्च झाला. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. आता मात्र त्या आरशासमोर उभ्या राहून पावाची भट्टी चालवणाऱ्या बाईची वाक्यं म्हणत होत्या. त्यांना हे काम हवं होतं, फार हवं होतं. आणि त्यांना ते मिळावं असं मला माझ्या पैशापेक्षा, नावापेक्षा जास्त वाटायला लागलं.

मग आमची तालीम सुरू झाली आणि पहिल्याच पानावर अडलं. वाचताना त्या मधले शब्द गाळत होत्या. ‘देवाच्या कृपेने पोरगा कामाले लागला’ असं मी लिहिलं होतं, त्या वाचत, ‘पोरगा कामाले लागला.’ मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मी पान मोठ्या अक्षरांत छापून आणलं. तरी तेच.

‘आई, इथे एक शब्द राहिला.’

‘राह्यला नाई. मी सोडला.’

‘काहून?’

‘ते मी नाई म्हणत वं.’ पान त्यांनी व्यवस्थित घडी करून माझ्यासमोर ठेवलं. ‘दुसरी कोनी पाहा तू. ती म्हणन.’

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, पण बोटं घडीवरून फिरत राहिली.

मी सावनेरकडची. आमच्या घरी उठता-बसता देव. ठेच लागली की ‘अरे देवा’, पाऊस पडला की ‘देवानं ऐकलं’, नाही पडला की ‘देवाच्या मनात काय आहे’. लग्न होऊन या घरात आले त्याला आता माझी मुलगी कॉलेजात जाण्याएवढा काळ लोटला. माझं हे ‘देवा देवा’ सासूबाईंनी कधी टोकलं नाही. आणि त्यांच्या बोलण्यात तो शब्दच नाही, हे मला, शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला, त्या दिवसापर्यंत जाणवलं नव्हतं. मीठ नसलेल्या भाजीसारखं लगेच कळायला हवं होतं. पण त्यांच्या बोलण्याला चव इतकी होती की कळलंच नाही.

त्या दुपारी त्यांनी सांगितलं. नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा त्या वडिलांच्या खांद्यावर होत्या. पांढरे कपडे, पांढऱ्या कपड्यांची माणसंच माणसं, आणि उन्हात डोळे दिपल्याचं त्यांना आठवतं. घरी आल्यावर देव्हारा उतरवायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो तोंडाला. तोंडात पिढ्यान् पिढ्या बसलेले शब्द. त्यांच्या आईने नियम केला: कोणाच्या तोंडून ‘देवा रे’ निघालं की हातातलं काम खाली ठेवायचं आणि तेच वाक्य नव्याने म्हणायचं. भाकरी थापताना निघालं तर भाकरी थांबे. पोरांना ठेच लागली तर रडायच्या आधी योग्य शब्द शोधावा लागे, आणि तोवर अर्धं दुखणं पळून जाई. आजीला काही केल्या जमलं नाही. ती अर्ध्या शब्दावर थांबायची, सुनेकडे बघायची आणि गप्प बसायची.

‘आम्ही शब्द निवडून काढले वं, तांदळातून खडे काढते तसे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आता मी पुन्हा तोंडात खडे टाकू? अन् तेही कोन्या पाववालीसाठी?’

‘मग ठेच लागली की काय म्हणायचात?’

‘अव माय.’

‘आणि संकट टळलं की?’

‘बरं झालं बाई.’

मी सरसावून बसले. माझ्या डोक्यात दिवा लागला होता. मी दोन आठवडे ज्या शब्दांसाठी डोकं खाजवत होते, ते या बाईकडे होते. या घरांनी देव काढला तेव्हा त्याच्या जागा रिकाम्या ठेवल्या नव्हत्या. माणसाला आनंदाची भीती वाटते, उद्याची खात्री नसते, लेकराची काळजी वाटते. त्यासाठी काहीतरी बोलावंच लागतं. ते सगळं बोलणं इथे वापरून वापरून मऊ झालेलं होतं.

मग काय, आमचा कारखाना सुरू झाला. मी पडद्यावरची म्हातारी दाखवायची, ती काय बोलली ते सांगायची, आणि विचारायची, इथे तुमची आई काय म्हणाली असती?

‘देवाची मर्जी असली तर रविवारी येईन.’ सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. ‘बरं राह्यलं तं येईन.’ मी बसवून पाहिलं. वाक्य अर्ध्यावर आलं, आणि म्हातारी पिशवी उचलत उठते तो श्वाससुद्धा त्यात मावला. देवाची मर्जी, उद्याचा भरवसा नसणं, नम्रपणा, सगळं त्या ‘बरं राह्यलं तं’मध्ये होतं.

म्हातारी मेलेल्या नवऱ्याचा विषय निघाला की थांबायची आणि देव त्याच्या आत्म्याला शांती देवो म्हणायची. आमच्याकडे ‘कैलासवासी’ म्हणतात, या घरात ‘कालकथित’. पण ते पत्रिकेवर आणि फोटोखाली. बोलताना सासूबाई काय म्हणतात? वारलेल्या मामंजींचा विषय काढून पाहावं का, असा एक आगाऊ विचार माझ्या मनात आला. तेवढ्यात त्या स्वतःच म्हणाल्या, ‘आपण तं बापा, गेले बिचारे, एवढंच म्हणतो. अन् जरा चूप बसतो.’ पडद्यावरची बाईही तिथे जराशी गप्प बसत होती. लिहायला फारसं काही उरलंच नाही.

एकजण म्हातारीला म्हणतो, तुझं दुकान मोठं होईल. ती म्हणते, तुझ्या तोंडचं देवाच्या कानी जावो. ‘तुह्या तोंडात साखर पडो,’ सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, हे तर मलाही येत होतं. ‘मंग लिहिलं काहून नाई?’ त्यांचा शाळेतला आवाज निघाला, आणि मी खरोखर मान खाली घातली.

शिंक मात्र अवघड निघाली. नात शिंकते, म्हातारी तिच्याकडे न बघता दोन शब्द फेकते. चेहरा अगदी जवळून दाखवलेला. सुरुवातीला ओठ मिटतात, शेवटी गोल होतात. ‘शंभर वर्षं जग’ त्यात कोंबलं तर पोरगी पुढच्या दृश्यात निघून गेली तरी आजी बोलतच राहील. सासूबाईंनी दृश्य बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि कणीक मळता मळता म्हणाल्या, ‘मोठी हो!’ मी ओरडलेच. ‘म’ला ओठ मिटले, ‘हो’ला गोल झाले. आणि अर्थ? नातीला आजी याहून दुसरं काय देते? मला इतका आनंद झाला की मी त्यांना कणकेच्या हाताला धरून नाचवलं आणि माझा कुर्ता खराब झाला.

भांडण झालं ते टकटकीवरून. म्हातारी म्हणते, यंदा घरात कोणी आजारी पडलं नाही, आणि टेबलावर बोटं आपटते. बोलण्याचा आवाज आपण बदलतो, पण भांड्यांचा, दाराचा, लाटांचा आवाज वेगळ्या ध्वनिपट्टीवर मूळचाच राहतो. म्हणजे टकटक ऐकू येणारच, तिला काहीतरी कारण द्यायला हवं. सासूबाई म्हणाल्या, ‘कोनाची नजर नोको लागू बाई.’

मी म्हटलं, ‘वा! देव नाही म्हणणार आणि नजर म्हणणार? हा कुठला न्याय?’

‘नजर म्हणजे देव आहे का?’ त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. ‘नजर शेजारनीची असते. मी डोळ्यानं पाह्यली. तुह्या नवऱ्याले बारक्यापनी सर्दी तिच्यामुळंच झाली.’

‘आई, तुम्ही विज्ञान शिकवत होतात.’

‘शिकवत होती. म्हणून तं पाहूनच सांगून राहिली.’

मी लिहिलं: ‘कोनाची...’ टक, ‘नजर...’ टक, ‘नोको लागू बाई!’ टक. प्रत्येक शब्द टेबलावर ठोकून बसवल्यासारखा झाला. नजरेला तिथल्या तिथे खिळे मारले. लाकडाचा काही संबंध राहिला नाही आणि तो कोणाला आठवणारही नव्हता.

पहिला भाग असा तयार करून मी मुंबईला मालिकावाल्यांकडे तपासायला पाठवला आणि मनात पेढे वाटले. दोन दिवसांनी तिथल्या तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. दिग्दर्शकही त्यात होता.

‘भाषा फार सुंदर झाली आहे,’ त्या म्हणाल्या. हे वाक्य आलं की मी सावरून बसते. ‘पण मॅडम, आमची म्हातारी श्रद्धाळू आहे. तुमच्या मराठीत तिचा देव कुठे गेला?’

माझं डोकं गरम व्हायला वेळ लागत नाही. पण सासूबाई शेजारच्या खोलीत होत्या, म्हणून आवाज आवरून म्हणाले, ‘शिंकेच्या वेळी ती देवाशी बोलते का? ती नातीशी बोलते. रविवारी येईन म्हणते तेव्हा शेजारणीशी बोलते. तिच्या भाषेत अशा वेळी देवाचं नाव घ्यायची रीत आहे, आपल्या गावात नाही. मी तिथे देव घातला तर ऐकणाऱ्याला वाटेल की बाई कीर्तनाला बसली आहे. मग ती जेव्हा खरंच देवाकडे वळेल, तेव्हा कोणाला फरक कळणार नाही.’

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, ‘पटलं. शिंक आणि रविवार तुमचा. पण वादळाचा प्रसंग? तिथे ती खरंच देवाकडे वळते. तिथे मला देव हवा आहे. त्यावर तडजोड नाही.’

त्या बरोबर होत्या, हेच वाईट होतं. माझ्याच दगडाने माझीच काच फुटली होती.

वादळाचा प्रसंग शेवटच्या भागात होता. मुलाची होडी परतलेली नाही. म्हातारी विझत्या भट्टीसमोर एकटी बसते आणि देवाशी बोलते. दिग्दर्शक नंतर मला एकटीला म्हणाला, ‘तेवढं त्या म्हणणार नसतील तर मला आत्ताच सांगा. एक म्हातारी अर्धी एका आवाजात आणि अर्धी दुसऱ्या आवाजात नाही करता येणार. सगळंच दुसऱ्या बाईकडून करून घ्यावं लागेल.’

मी सांगते म्हटलं. आणि सांगितलं नाही. घरात ज्येष्ठमधाचा वास येत होता. सासूबाई गॅलरीत बसून ‘मोठी हो’ वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून बघत होत्या आणि खालून जाणारा भाजीवाला वर बघत होता. या बाईला ‘तुमचं काम गेलं’ कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि ‘शब्द म्हणा’ तरी कोणत्या तोंडाने सांगायचं? ज्या शब्दासाठी त्यांच्या आईने हातातली भाकरी थांबवली होती!

म्हणून मी तो प्रसंग देवाशिवाय लिहायला बसले. म्हातारीला समुद्राशी बोलायला लावलं, तर ती नाटकी झाली. मेलेल्या नवऱ्याला हाक मारायला लावली, तर त्याने काय करायचं? शेवटी लिहिलं, ‘कोनी ऐकत असन तं...’ त्यातल्या त्यात हे बरं होतं. पण आतून माहीत होतं की हे खोटं आहे. पडद्यावरच्या बाईला कोण ऐकतंय ते पक्कं माहीत होतं.

रेकॉर्डिंगला आम्ही सदरला गेलो. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर छोटी बंद खोली, भिंतींना काळा स्पंज, मध्ये माईक. सासूबाईंनी पांढरी इस्त्रीची साडी नेसली होती. कानाला हेडफोन लावला तेव्हा अंबाडा मध्ये आला, तो त्यांनी सोडून वेणी घातली. कानात मूळ बाईचा आवाज, समोर तिचा चेहरा, आणि तिच्या ओठांवर आपलं बोलणं. सवयीच्या कलावंतांनाही घाम फुटतो. सासूबाईंनी पहिली दोन वाक्यं घाईत म्हटली, तिसऱ्याला त्यांना सूर सापडला. पोरांच्या वर्गात कधी बोलायचं आणि कधी थांबायचं हे ज्याला कळतं, त्याला ओठ बघून बोलणं काय अवघड? टकटकीच्या वेळी त्या इतक्या रंगल्या की स्वतःच स्टँडवर बोटं आपटली आणि दिग्दर्शकाला ते पुन्हा घ्यावं लागलं. ‘माय वं, माहा हात चालला,’ म्हणत त्या लाजून हसल्या, आणि काचेच्या अलीकडे आम्ही सगळे हसलो.

एकेक भाग संपत गेला. त्यासाठी अनेकदा जावं लागलं, आणि दर वेळी परतताना त्या रिक्षात गुणगुणायच्या. शेवटच्या भागाचा दिवस आला तेव्हा माझ्या पिशवीत त्या प्रसंगाची दोन पानं होती. एक देवासकट, मुंबईला मान्य असलेलं. दुसरं माझं, देवाशिवायचं. माझा बेत असा की त्यांच्या तोंडून दुसरं एकदा होऊ द्यावं. ते इतकं छान होईल की दिग्दर्शक विरघळेल आणि मुंबईशी तोच भांडेल. बेत कच्चा होता, पण माझ्याकडे तेवढाच होता. मी त्यांच्या हातात दुसरं पान दिलं.

त्यांनी ते वाचलं. मग दिग्दर्शकाला म्हणाल्या, ‘आधी आवाज बंद करून दाखवा.’

पडद्यावर म्हातारी बसली होती. पदर नव्हता, पण शालीचं टोक तिने तोंडाशी धरलं होतं. ओठ हलत होते, थांबत होते. सासूबाईंनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं.

‘इचा पोरगा आला नाई का अजून?’

‘नाही.’

‘अन् हे कोनासंगं बोलून राहिली?’

मी दिग्दर्शकाकडे बघितलं. त्याने छताकडे बघितलं. ‘देवाशी,’ मी म्हणाले.

‘मंग इथून तो काढला काहून?’ त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. ‘माह्यासाठी?’

‘हो. तुम्ही म्हणत नाही म्हणून.’

त्यांचा हात वेणीवर गेला. मला वाटलं आता वेणीचा पुन्हा अंबाडा बांधतील आणि घरी चला म्हणतील. त्यांनी हात पुढे केला. ‘पेन दे.’

मी पेनऐवजी पिशवीतलं दुसरं पान दिलं. ते वाचून त्या म्हणाल्या, ‘शिंकेवरचा देव कोनाचाच नसते वं. नुसता तोंडाले चिकटला असते. तसा मी माह्या तोंडात ठेवत नाई, अन् तिच्याही काहून ठेवू? पण इथं तं तिनं त्याले बोलावला. तिचा पोरगा पान्यात आहे. तिच्यापासी दुसरं कोनी नाई. तेवढंही आपण काढून घ्यायचं का तिचं?’

मी मान हलवून नाही म्हटलं.

त्यांनी हेडफोन लावला. दिग्दर्शकाने हात वर केला. काचेपलीकडे त्या डोळे पडद्यावर लावून उभ्या होत्या, आणि मग तो आवाज आला. शेवटच्या घरापर्यंत जाणारा तो आवाज त्यांनी अगदी खाली आणला होता, कोणी झोपलेल्या माणसाला उठवताना आणतो तसा.

‘देवा... मी तुले कधी काई मागतलं नाई असं नाई. लय मागतलं. ते सगळं वापस घे. पोरगा तेवढा दे.’

पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले आणि त्यांचेही मिटले. एक श्वास घसरला, बस. ‘देवा’ म्हणताना त्या कुठेही अडखळल्या नव्हत्या. जन्मभर न वापरलेला शब्द त्यांनी कोऱ्या नोटेसारखा काढून त्या बाईच्या हातावर ठेवला होता. मी रडत होते आणि मला ते लपवावंसं वाटलं नाही. दिग्दर्शक नाक पुसत होता आणि एसीला दोष देत होता.

मग त्याच्यातला दिग्दर्शक जागा झाला. त्याने बटण दाबून आत सांगितलं, ‘आजी, अप्रतिम. फक्त शेवटी श्वास जरा जोरात आला. एक आणखी घेऊ या, सेफ्टीसाठी.’

सासूबाईंनी हेडफोन उतरवून स्टँडवर ठेवला आणि वेणी सोडायला लागल्या.

‘दुसऱ्यांदा नाई म्हणत,’ त्या म्हणाल्या. ‘दुसऱ्यांदा म्हटलं की सवय होते.’

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला मशीनकडे बघायला सांगितलं, पहिलं नीट रेकॉर्ड झालं आहे ना म्हणून. झालं होतं. तेच गेलं. मालिका लागली तेव्हा घरी सगळ्यांनी मिळून बघितली. वादळाच्या प्रसंगात पोरगा तेवढा दे, असं म्हणून झाल्यावर एक जोराचा श्वास ऐकू येतो, तो कोणी कापून टाकलेला नाही.